रस की मोस्ट?

डेटिंग ॲपवर मॅच झाल्यावरचा पहिला मेसेज मनात मराठीत जुळवायचा आणि मग तसाच्या तसा जर्मनमध्ये उतरवायचा, या पद्धतीने तो बहुतेक वेळा बिघडतो. व्याकरण चोख असलं तरी बिघडतो. पुण्यात जर्मन शिकवताना हे मी इतक्या मुलामुलींच्या बाबतीत पाहिलंय की आता त्यावर सविस्तर लिहावंसं वाटतं.

मुलं माझ्याकडे येतात ती मास्टर्ससाठी नाहीतर नोकरीसाठी जायचं म्हणून. स्टुटगार्ट, आखेन, म्युनिक. वर्गात त्यांच्या शंका विभक्तीच्या आणि क्रियापदाच्या जागेच्या असतात. तिकडे गेल्यावर काही महिन्यांनी एखाद्या रात्री स्क्रीनशॉट येतो: ‘मॅडम, हे बरोबर आहे का?’ बघावं तर पाठवायच्या आधीचा मेसेज. मला या मेसेजचं फार अप्रूप वाटतं. घरमालक, विमा आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय यांच्यापलीकडे त्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या मनाने, कुणालातरी आवडावं म्हणून लिहिलेलं ते पहिलं जर्मन असतं. डिसेंबरात तिथे साडेचारला अंधार पडतो. त्या अंधारात खोलीत एकटं बसून लिहिलेली ती तीन वाक्यं नीट जावीत असं मला मनापासून वाटतं.

माझा मामेभाऊ रत्नागिरीचा, दोन वर्षांपासून स्टुटगार्टजवळ एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचा मेसेज मी इथे घेते, त्याच्या परवानगीने. त्याच्या मनातली मराठी अशी होती: ‘हाय, कशी आहेस? तुझे फोटो खूप आवडले, फार सुंदर दिसतेस. माझ्याशी मैत्री करशील का? मला तुला भेटायचंय.’ यात वावगं काही नाही. मुलगा सरळ आहे, भाषा सभ्य आहे. आता याचंच त्याने केलेलं जर्मन बघू.

‘मैत्री करशील का’चं त्याने केलं होतं ‘विल्स्ट डू माइनं फ्रॉइन्डिन झाइन?’ शब्दकोशात फ्रॉइन्डिन म्हणजे मैत्रीण, आणि तो अर्थ खराच आहे. पण त्याच्यामागे ‘माझी’ लागलं की जर्मन माणूस ते ‘माझी गर्लफ्रेंड’ असंच ऐकतो. नुसत्या मैत्रिणीबद्दल बोलायचं असेल तर तो ‘आयनं फ्रॉइन्डिन फॉन मीअर’ म्हणतो, म्हणजे ‘माझ्या मैत्रिणींपैकी एक’. म्हणजे माझ्या भावाने ओळखपाळख नसताना, तिसऱ्या वाक्यात, तिला गर्लफ्रेंड होतेस का असं विचारलं होतं. तो मात्र समजत होता की आपण अगदी बेताने, दुरून सुरुवात केलीये.

‘मला तुला भेटायचंय’चंही तसंच झालं. मराठीत या वाक्यात इच्छा आहे, हट्ट नाही. ‘इश विल डिश ट्रेफन’ म्हटलं की मात्र त्यात हुकूम ऐकू येतो. जर्मनमध्ये ‘विल’ हे ठाम ठरवलेल्या गोष्टीसाठी येतं. अनोळखी माणसापुढे तिथली माणसं ‘इश व्युर्डं गेर्न’ म्हणतात. याला आपल्याकडे नेमकी जोड आहे ती ‘आवडेल’ची: ‘तुला भेटायला आवडेल.’ म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की मराठीतून विचार करायचाच असेल तर ‘हवंय’, ‘करायचंय’ सोडा आणि ‘आवडेल’पासून निघा, ते वाक्य पलीकडे बऱ्यापैकी सुखरूप पोचतं. अर्थात भेटीचं वाक्य पहिल्या मेसेजात मुळात नकोच. ते मी त्याला काढायलाच लावलं.

‘फार सुंदर दिसतेस’मध्ये अडचण दोन पातळ्यांवर होती. एक साधी, टायपिंगची. सुंदर म्हणजे ‘श्योन’, आणि त्यातल्या ओ या अक्षरावर दोन टिंबं असतात. फोनच्या इंग्रजी कीबोर्डवर ती सुटली की शब्द होतो ‘शोन’, म्हणजे ‘आधीच’. ‘तू फार आधीच आहेस’ असं काहीतरी तिला वाचावं लागतं. संदर्भाने तिला कळेल, त्यात शंका नाही. पण सगळीकडे तसं निभावत नाही. मुंबईच्या दमट उकाड्यासाठी जर्मनमध्ये छान शब्द आहे, श्व्यूल. त्यातल्या यू अक्षरावरची टिंबं गेली की तो ‘श्वूल’ होतो आणि त्याचा अर्थ समलिंगी पुरुष. हवेवरून बोलणं काढायला गेलेल्या मुलाचं बोलणं कुठे जाईल सांगता येत नाही. उपाय सोपा आहे: अक्षर दाबून धरलं की टिंबवालं अक्षर वर येतं, आणि नाहीच आलं तर पुढे ई जोडायचा, ओई, यूई. हे जर्मन लोकांनाही पूर्ण मान्य आहे.

दुसरी अडचण खोल आहे. अनोळखी बाईला ‘तू फार सुंदर आहेस’ म्हटल्यावर तिने उत्तर काय द्यायचं? ‘थँक्यू’. तिथे संभाषण संपतं. ‘कशी आहेस’चंही तेच. ‘वी गेट एस डीअर’ चुकीचं नाही, पण तिच्या इनबॉक्समध्ये तसलेच कितीतरी मेसेज आधीच पडलेले असतात, आणि ‘बरी आहे, तू?’ यापलीकडे तिच्या हातात काही येत नाही. आपल्याकडे ‘जेवलीस का?’ ही विचारपूस असते. बेंगळुरूच्या मुलीला ‘ऊटा आयता?’ म्हटलं तर तिलाही ती विचारपूसच वाटेल, कारण कन्नडमध्येही माणसं जेवणावरूनच एकमेकांची खबर घेतात. स्टुटगार्टच्या मुलीला मात्र प्रश्न पडेल: हा मला जेवायला बोलावतोय की माझ्यावर आईसारखी नजर ठेवतोय? माया कुठल्या प्रश्नात भरलेली असते, हे प्रत्येक भाषेचं आपलं आपलं असतं.

मी भावाला म्हटलं, तुझा मेसेज राहू दे बाजूला, आधी तिचं प्रोफाइल दाखव.

तिचं प्रोफाइल जर्मनमध्ये होतं, आणि ही पहिली खूण. तिने दोन्ही भाषांत लिहिलं असतं तर इंग्रजी चाललं असतं. फक्त जर्मनमध्ये लिहिलंय म्हणजे तिला त्या भाषेत मोकळं वाटतं. फोटो चार. एकात डोंगरावर थर्मास घेऊन बसलेली. एकात कुणाच्यातरी लग्नात. तिसऱ्यात उंच गवतात शिडी, शिडीवर ती, आणि खाली लाकडी पेट्या सफरचंदांनी भरलेल्या. मागे एक म्हातारे गृहस्थ पाठमोरे. त्या फोटोखाली तिने लिहिलं होतं की रविवारी मी ‘श्ट्युकले’वर सापडेन.

श्ट्युकले हा शब्द भावाने शब्दकोशात शोधला आणि त्याला ‘छोटा तुकडा’ एवढंच मिळालं. स्टुटगार्टच्या आसपास लोक श्वेबिश बोली बोलतात. तिच्यात लाडाने आणि सवयीने शब्दाला ‘ले’ लागतो, घर म्हणजे ‘हॉइसले’. श्ट्युकले म्हणजे घराण्याकडे चालत आलेला जमिनीचा लहानसा तुकडा, त्यावर सफरचंदाची, नासपतीची जुनी उंच झाडं आणि खाली कुरण. स्टुटगार्टपासून श्वेबिश आल्ब या डोंगररांगेच्या पायथ्यापर्यंत अशा बागा पसरल्या आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात घरची सगळी माणसं फळं गोळा करायला जातात, पोती घाण्यावर नेतात आणि आपल्याच फळांचा रस काढून आणतात. त्यातला काही ताजा प्यायचा आणि काही पिंपात आंबवायचा. आंबवलेल्याला तिथे ‘मोस्ट’ म्हणतात. चव आंबट, थोडी तुरट, आणि चढतोही. कुठल्याही श्वेबिश घरात यावर मत असतं, आणि ते आजोबांचं वेगळं नि नातवंडांचं वेगळं असतं.

ज्याच्या घरात मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, अढी आणि कलमं यांखेरीज दुसरा विषय नसतो, त्या मुलाला हा फोटो समोर असताना ‘कशी आहेस’ विचारावंसं वाटलं, याचं मला वाईट वाटलं. बोलायला त्याच्याकडे इतकं होतं! पण पहिला मेसेज म्हटला की मुलं आपलं काय सांगायचं याचाच विचार करत बसतात, आणि समोरच्याने जे मांडून ठेवलंय ते वाचायचं राहून जातं.

परभाषेत तर ते वाचण्याचा आणखी एक रोकडा फायदा आहे. तिने वापरलेले शब्द बरोबर असतात. तिच्या गावात, तिच्या वयाची माणसं, त्या गोष्टीला तेच म्हणतात याची खात्री तिनेच दिलेली असते. त्यामुळे पहिला मेसेज तिच्या प्रोफाइलमधल्या एखाद्या शब्दावर उभा केला की अर्धं काम झालेलं असतं आणि शब्दकोशाचे सापळे टळतात. हिंजसारख्या ॲपवर तर एखाद्या फोटोवर किंवा वाक्यावरच बोट ठेवून लिहिता येतं. बंबलवर स्त्री-पुरुषांच्या मॅचमध्ये पहिलं लिहिण्याचा मान तिचा आणि मुदत चोवीस तासांची. पण 2024पासून तिला एक प्रश्न आधीच लावून ठेवायची सोय आहे. तो असेल तर त्यालाच उत्तर द्यावं, आपलं दुसरं काही पुढे करू नये.

मग प्रश्न कसा विचारायचा, हा पुढचा भाग, आणि तो मला स्वतःला सगळ्यात आवडतो. भावाने दुसऱ्या खेपेला लिहिलं: ‘तुम्ही सफरचंदांचं काय करता?’ वास माख्ट ईअर मिट डेन एप्फेल्न? व्याकरण बिनचूक. पण ऐकायला एखाद्या सर्वेक्षणातल्या प्रश्नासारखं. त्यात एकच बारीक शब्द कमी होता: ‘ईअर’नंतरचा ‘डेन’. सफरचंदांआधीचा डेन वेगळा, तो शब्दच दुसरा. वास माख्ट ईअर डेन... त्या डेनने प्रश्नात कुतूहल येतं, जवळीक येते. हे पाठ्यपुस्तकात उशिरा येतं आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना समजावताना घाम फुटतो. मराठी मुलांना मात्र मी एवढंच सांगते की ‘काय करता?’ आणि ‘काय करता बरं एवढ्याचं?’ यात जो फरक आहे, तोच. आपण दिवसभर ना, बरं, की, गं, मग पेरत बोलतो. ‘सांग’ आणि ‘सांग ना’ यांत आपल्याला कुणी फरक शिकवावा लागत नाही. ‘एर्त्सेल माल’मधला ‘माल’ तेच काम करतो. या एका बाबतीत मराठी माणूस जर्मनच्या फार जवळ आहे. फक्त ते शब्द पाठ करून चालत नाहीत, एका वाक्यात एक पुरतो. दोन-तीन घातले की बोलणं नाटकी होतं.

आपल्या ‘काय मग?’ला तिथे ‘ना?’ असं इवलंसं उत्तर आहे. मित्र भेटला की ‘ना?’, त्यावर तोही ‘ना?’. काही मुलं ते ऐकून पहिल्याच मेसेजात वापरतात. ओळखीत गोड वाटणारा हा शब्द अनोळखी माणसाकडून आला की सलगी वाटते, त्यामुळे तो पुढच्यासाठी ठेवावा. तू-तुम्हीचा घोळ मात्र इथे नाही. ॲपवर सगळे ‘डू’ म्हणजे अरे-तुरेच करतात. आदराने ‘झी’ म्हटलं तर बँकेतून पत्र आल्यासारखं होतं. आपल्याकडे अनोळखी बाईला ‘तुम्ही’ म्हणायची सवय असल्याने मुलांचा हात इथे अडखळतो, पण तिथे ‘डू’ म्हणण्यातच सभ्यता आहे.

भावाने शेवटी पाठवलं ते असं: ‘हालो! वास माख्ट ईअर डेन मिट डेन गान्झन एप्फेल्न, झाफ्ट ओडर मोस्ट? बाय उन्स इन रत्नागिरी रेडन इम माय आल्लं नुअर युबर मांगोस. माइन डॉइच इस्ट नोख निश्ट पेर्फेक्ट, कोरिगीअर मिश रूइश.’ म्हणजे: ‘एवढ्या सगळ्या सफरचंदांचं करता काय बरं, रस की मोस्ट? आमच्याकडे रत्नागिरीला मे महिन्यात सगळे फक्त आंब्यांबद्दल बोलतात. माझं जर्मन अजून पक्कं नाही, खुशाल दुरुस्त कर.’

तीन वाक्यं. पहिल्यात तिला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि मनात असेल तर पानभर. दुसऱ्यात त्याचं गाव आलं, पण तिच्या विषयाला धरून आलं. भारत, ताजमहाल, मसाले असं काही त्याने घातलं नाही. तिसऱ्याबद्दल आमचा थोडा वाद झाला. त्याला वाटत होतं की जर्मन कच्चं आहे हे आधीच सांगून आपण कमीपणा घेतोय. माझं मत पक्कं आहे: सांगावं, एकदाच सांगावं आणि माफी न मागता सांगावं. त्याने ती पुढे सोपं लिहिते आणि बोलीतले शब्द आले तर उलगडून सांगते.

याच कारणासाठी मी त्याला मेसेज लिहून देणार नव्हते, फक्त चुकलेलं दाखवणार होते. माझ्याकडून घोटीव वाक्यं घेऊन गेलेल्या मुलांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. तिला वाटतं याला भाषा सहज येते, ती भराभर तिच्या नेहमीच्या बोलीत लिहू लागते, आणि तिसऱ्या उत्तराला हा गप्प होतो. त्याचं गप्प होणं तिला नकार वाटतं. आपल्या पातळीला पेलतील अशीच वाक्यं पहिल्या मेसेजात असावीत. बी-वन झालेल्याने बी-वनचंच लिहावं.

उलट बाजूही मला सांगायचीय. आखेनला शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला जर्मन मुलांचे मेसेज येतात त्यात कितीतरी वेळा पहिला शब्द ‘नमस्ते’ असतो आणि पुढे ‘मला करी फार आवडते’. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तिच्या प्रोफाइलमध्ये हार्मोनियम आहे, सायकल आहे, सांगलीचा पूल आहे, आणि यातलं काहीही न बघता तो एका अख्ख्या देशाला मेसेज पाठवतो. आपली मुलं स्टुटगार्टच्या मुलीला ऑक्टोबरफेस्टबद्दल विचारतात तेव्हा हेच करतात. तो म्युनिकचा. स्टुटगार्टकरांचा स्वतःचा उत्सव आहे, कानश्टाटचा, 1818मध्ये दुष्काळाच्या वर्षांनंतर राजा विल्हेल्मने सुरू केलेला. लोक त्याला ‘वाझन’ म्हणतात आणि म्युनिकशी गल्लत केलेली त्यांना अजिबात रुचत नाही.

उत्तर आलं नाही तर? पुष्कळदा येत नाही, मेसेज कितीही चांगला असला तरी. त्यावर प्रश्नचिन्हं पाठवू नयेत, ‘बिझी आहेस का’ विचारू नये. कधी ‘सॉरी, जमेल असं वाटत नाही, शुभेच्छा’ असं दोन ओळींचं स्पष्ट उत्तर येतं. आपल्या कानांना ते तोडून टाकल्यासारखं लागतं. तिथे ती समोरच्याला ताटकळत न ठेवण्याची रीत आहे. ‘कळवल्याबद्दल आभार’ म्हणून थांबावं. आणि दोन-तीन उत्तरांत तिने उलटा प्रश्न एकदाही विचारला नाही, तर ती फक्त सभ्यपणे बोलतेय असं समजावं. भाषा कच्ची असताना शब्दांवरून सूर ओळखणं अवघड जातं, पण उलटा प्रश्न आला की नाही हे कुणालाही दिसतं.

माझ्या भावाला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मोस्टच, अर्थात, आजोबा दुसरं काही करूच देत नाहीत, आणि आंब्यांचं एवढं बोलायचं तरी काय असतं? हा उलटा प्रश्न. मग आमरस, साटं, कैरीचं लोणचं यांवर त्याने त्याच्या मोडक्या जर्मनमध्ये बरंच लिहिलं. ते मी पाहिलेलं नाही, त्यानेच नंतर सांगितलं. आठवड्याने तिचा मेसेज आला आणि त्याने घाबरून मला फोन केला. ‘ताई, ती विचारतेय की मला केरसुणीत जायची वासना आहे का.’

शब्दाला शब्द लावला की तसंच होतं. ‘लुस्ट’ हा शब्द इंग्रजी लस्टसारखा दिसतो, पण ‘हास्ट डू लुस्ट’ म्हणजे फक्त ‘जायचं का, मूड आहे का’. कॉफीला, सिनेमाला, फिरायला, सगळ्याला तेच वापरतात. सांभाळायचं एवढंच की तो शब्द वस्तूला किंवा बेताला जोडायचा. माणसाला जोडला तर अर्थ खरोखरच बदलतो. आणि ‘बेझन’ म्हणजे केरसुणी हे खरं, पण श्वेबिश मुलखात ते द्राक्षबागायतदाराच्या घरच्या खाणावळीचं नाव आहे. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने तो स्वतःची वाइन स्वतःच्या घरात विकू शकतो, बसायच्या जागा फक्त चाळीस, आणि उघडं असलं की दाराबाहेर केरसुणी टांगतो. लांब बाकांवर अनोळखी लोकांना खेटून बसायचं आणि सोबत घरचं साधं जेवण. पहिल्या भेटीला अशी माणसांनी भरलेली जागा तिने निवडली, हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

मी त्याला म्हटलं, हे सगळं तुला माहीत आहे असं दाखवू नकोस, तिलाच विचार. त्याने लिहिलं, ‘या, गेर्न! वास इस्ट डेन आइन बेझन?’ हो, आवडेल, पण बेझन म्हणजे काय गं? डेन त्याने आपणहून घातला होता.